अर्भकाचा दोष : मूळपापाच्या सिद्धान्ताकडे मराठीतून पाहताना

भोकरदन तालुक्यातील धावडा हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या जवळचे. तेथे माझ्या लहानपणी मूल जन्मले की पाचव्या दिवशी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली जाई. रात्री सटवाई येते आणि मुलाच्या कपाळावर त्याचे प्राक्तन लिहून जाते, ही समजूत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. आजी ते सांगताना आवाज खाली आणी. पण त्याच गावात, दात न आलेले मूल दगावले तर त्याला जाळीत नसत, पुरत. कारण विचारले तर उत्तर मिळे, ‘त्यानं काय पाप केलंय जाळायला?’ पाटावरच्या लेखणीमागे एक गृहीत होते, की मूल काहीतरी घेऊन आलेले आहे. आणि त्या छोट्या खड्ड्यामागे दुसरे होते, की त्याच्यापाशी काहीच नाही. ही दोन्ही गृहीते एकाच घरात सुखाने नांदत होती. विसंगती कोणाला बोचत नव्हती, कारण तिचा सिद्धान्त करण्याची गरज कोणाला पडलेली नव्हती.

ख्रिस्ती धर्मविचाराला ती गरज पडली, आणि तिचे उत्तर देताना त्याची शकले झाली. मूळपाप, आदिपाप, जन्मपाप अशा वेगवेगळ्या नावांनी मराठीत वावरणारी ही संकल्पना आपल्याकडील समीक्षेत बहुधा एका वाक्यात निकालात काढली जाते : ‘ख्रिस्ती मतानुसार माणूस जन्मतः पापी असतो.’ हे वाक्य चुकीचे नाही, पण ते इतके अपुरे आहे की चुकीच्या जवळ जाते. जन्मतः पापी म्हणजे जन्मतः विकृत, की जन्मतः अपराधी? ह्या दोन अर्थांतील अंतरावर चर्चेसची पंधराशे वर्षे खर्ची पडली आहेत. त्या अंतराची कसोटी लागते ती प्रौढ माणसापाशी नव्हे. प्रौढाने स्वतःचे पुरेसे करून ठेवलेले असते. ती लागते अर्भकापाशी.

ह्या प्रश्नाचा धागा धावड्यापासून फार लांब शोधावा लागत नाही. जालना येथे १८६० नंतरच्या दशकांत रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीने काम उभे केले, आणि सालारजंग यांच्या कारकिर्दीत मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. तेथे आले ते प्रामुख्याने मांग आणि महार समाजातील लोक. वसवणारा मात्र ब्राह्मण होता. मुंबईत १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता आणि १८५४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली होती.

१८४३ च्या त्या बाप्तिस्म्याला एक उपकथानक आहे, आणि ते आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मूळ कथानकाहून महत्त्वाचे आहे. नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपाद, वय बाराच्या आतबाहेर, थोरल्याच्या पाठोपाठ मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. मुलगा अज्ञान आहे, त्याला स्वतःचा धर्म ठरवण्याइतकी समज मानता येत नाही, ह्या भूमिकेवरून त्याला वडिलांच्या ताब्यात देण्यात आले. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. परंतु घरी परतल्यावर खरा पेच उभा राहिला : ह्या मुलाला पुन्हा जातीत घ्यायचे की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे असा पक्ष घेतला आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. आपल्या सामाजिक इतिहासात हे प्रकरण शुद्धीकरणाचा प्रारंभिक प्रसंग म्हणून नोंदले गेले आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. न्यायालय म्हणाले, ह्या मुलाला कर्तृत्व नाही. जात म्हणाली, कर्तृत्व असो वा नसो, दोष लागलाच आहे. आणि जांभेकर म्हणाले, दोष लागला असेल तर तो धुताही येतो. म्हणजे कर्तृत्वाशिवाय दोष संभवतो का, हा तोच प्रश्न, अर्भकाऐवजी एका पोराच्या निमित्ताने, मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला विचारला गेला होता.

आपल्या परंपरेने ह्याचे एक उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. महाभारताच्या आदिपर्वात अणीमांडव्याला सुळावर चढवले जाते. लहानपणी कीटकांच्या शेपटीत काडी खुपसल्याचे हे फळ, असे यमधर्म त्याला सांगतो. मांडव्य उलट धर्मालाच शाप देतो आणि मर्यादा घालून देतो, की चौदाव्या वर्षापर्यंत केलेल्या कृत्याचे पातक लागणार नाही. ही कथा केवळ शिक्षेच्या प्रमाणाविषयी नाही. दोष लागण्यासाठी कर्ता पक्व असावा लागतो, ही मागणी येथे खुद्द न्यायदेवतेकडे केलेली आहे, आणि ती मान्यही झाली आहे. अर्थात कर्मसिद्धान्ताला ह्यातून सुटका मिळत नाही, कारण पूर्वजन्मीचा कर्ता पक्वच होता असे तो म्हणू शकतो. संचित माझेच असते. ह्या एका बाबतीत कर्मविचार आणि मूळपापाचा विचार परस्परांच्या विरुद्ध टोकांना उभे आहेत. कर्मविचारात अर्भक स्वतःचे जुने देणे घेऊन येते. मूळपापाच्या विचारात ते दुसऱ्याचे देणे घेऊन येते.

मग असे दुसऱ्याचे देणे मुलाच्या माथी मारण्याची गरज ख्रिस्ती विचाराला का भासली? उत्पत्तीच्या पुस्तकातील आदाम आणि हव्वेच्या कथेत ‘मूळपाप’ हा शब्द नाही. त्या कथेत आज्ञाभंग आहे, हद्दपारी आहे, कष्ट आणि मरण आहे. अपराध वारशाने जातो असे तेथे म्हटलेले नाही. यहुदी परंपरेने हीच कथा वाचली आणि तिच्यातून हा सिद्धान्त काढला नाही. तो निघतो पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातून, आणि तिथेही ज्या अंगाने निघतो ते पाहण्यासारखे आहे. पौलाला सांगायचे आहे ते ख्रिस्ताविषयी : एकाच्या कृतीने सर्वांना तारण कसे लाभते, हे त्याला दाखवायचे आहे, आणि त्यासाठी तो एकाच्या कृतीने सर्वांवर मरण कसे आले ह्याचे प्रतिरूप मांडतो. म्हणजे आदाम हा युक्तिवादाचा आरंभ नसून त्यातील उपमान आहे. रोगाचा शोध येथे औषधावरून लागलेला आहे.

ह्या युक्तिवादाला काटेकोर सिद्धान्ताचे रूप दिले हिप्पोचा बिशप ऑगस्टिन (३५४–४३०) याने, आणि ते देताना त्याने नेमके अर्भक हाती धरले. त्याचा प्रतिपक्षी पेलागियस आणि त्याचे अनुयायी असे मानत, की आदामाने वाईट उदाहरण घालून दिले, आपण त्याचे अनुकरण करतो. जन्मणारे मूल मात्र आदाम होता तसेच निर्मळ असते. ऑगस्टिनचे उत्तर मुलाच्या निरीक्षणावरून सुरू होत नाही, जरी आत्मकथनात त्याने दूधभावाकडे मत्सराने पाहणाऱ्या तान्ह्याचे वर्णन केले आहे. ते सुरू होते चर्चमध्ये प्रत्यक्ष चालू असलेल्या एका प्रथेवरून. चर्च अर्भकांना बाप्तिस्मा देते. बाप्तिस्मा पापक्षमेसाठी असतो. अर्भकाने स्वतः पाप केलेले नाही. तर मग क्षमा कशाची होते? एकतर हा विधी अर्भकाच्या बाबतीत पोकळ आहे, किंवा अर्भकापाशी न केलेले पाप आहे. ४१८ साली कार्थेज येथे भरलेल्या आफ्रिकेतील बिशपांच्या परिषदेने हाच निष्कर्ष उचलून धरला.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. सिद्धान्त आधी आणि विधी मागाहून, असा क्रम आपण सहसा गृहीत धरतो. येथे विधीला अर्थ पुरवण्यासाठी सिद्धान्त जन्माला आला आहे. ह्या बांधणीला टेकू मिळाला तो एका भाषांतराचा. पौलाच्या मूळ ग्रीक वाक्यात ‘ज्या अर्थी सर्वांनी पाप केले’ अशा अर्थाची कारणदर्शक रचना आहे असे बहुतेक अभ्यासक आज मानतात. ऑगस्टिनपुढे जे लॅटिन भाषांतर होते त्यात मात्र ‘ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केले’ असा अर्थ निघत होता, आणि ‘ज्याच्यामध्ये’ म्हणजे आदामामध्ये, असे त्याने घेतले. सारी मानवजात त्या एका देहात बीजरूपाने होती. म्हणून त्याचे कृत्य हे सर्वांचे कृत्य. मराठी पवित्र शास्त्रात ह्या ठिकाणी कारणदर्शक रचनाच आहे. म्हणजे ज्या वाचकाच्या हाती फक्त मराठी बायबल आहे, त्याला ऑगस्टिनचा युक्तिवाद त्या ओळीतून सापडणार नाही. हा सिद्धान्त केवळ एका विभक्तीवर उभा आहे असे म्हणणे उथळपणाचे होईल, कारण विधीचा आधार स्वतंत्र होता. परंतु ती विभक्ती वेगळी असती तर त्याला इतका आत्मविश्वास आला असता का, ही शंका रास्त आहे.

किंमत कोणाला मोजावी लागली, हे ऑगस्टिनला ठाऊक होते. बाप्तिस्म्याविना दगावलेले मूल त्याच्या हिशेबाने दंडास पात्र ठरत होते. त्याचा दंड सर्वांत सौम्य असेल, एवढीच सवलत तो देऊ शकला. एक्लानमचा बिशप ज्युलियन याने त्याला नेमके येथे गाठले : नवजाताला दुसऱ्याच्या इच्छेसाठी दोषी धरणारा देव न्यायी कसा म्हणावा? ऑगस्टिनला हा प्रश्न बाहेरून पहिल्यांदा ऐकू आला असे नव्हे. ४१५ साली त्याने जेरोमला लिहिलेले एक दीर्घ पत्र आहे. प्रत्येक आत्मा देव नव्याने निर्माण करतो हे खरे असेल, तर ताज्या आत्म्याला आदामाचा अपराध चिकटतो कोठून? आणि तो आईबापांकडून शरीरासारखाच येत असेल, तर आत्मा म्हणायचे कशाला? अर्भकांची वेळ आली की माझी कोंडी होते, हा त्या पत्राचा भाव आहे. ह्या प्रश्नाचा निकाल त्याने अखेरपर्यंत लावला नाही. ज्याच्या नावावर हा सिद्धान्त चालतो, त्याला त्यातली सर्वांत कमकुवत जागा माहीत होती, हे त्याच्या टीकाकारांनी लक्षात घेतलेले फारसे दिसत नाही.

आता मराठीकडे वळू. आपल्या भाषेत ‘दोष’ हा शब्द दोन कामे करतो. वैद्याच्या तोंडी दोष म्हणजे बिघाड; रत्नपारख्याच्या तोंडी खोट. आणि ‘मला दोष देऊ नका’ म्हणताना दोष म्हणजे अपराधाची जबाबदारी. जन्मांध मुलाच्या डोळ्यांत दोष असतो, पण त्यात मुलाचा दोष नसतो. हे वाक्य मराठीत अवघडल्याशिवाय बोलता येते आणि ऐकणाऱ्याला दोन्ही दोष वेगळे कळतात. चर्चेसमधील सगळा वाद ह्या वाक्यात मावतो. माणसाच्या स्वभावात जन्मतः काही बिघडलेले आहे, मरण आणि कुवासना त्याला वारशाने मिळतात, एवढ्यापुरते जवळजवळ सर्व ऐतिहासिक चर्चेस एकमत आहेत. तो बिघाड स्वतःच अपराधही आहे का, येथे रस्ते फुटतात.

पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा पहिल्या अर्थावर थांबते. ग्रीक वाचणाऱ्यांपुढे लॅटिनचा तो ‘ज्याच्यामध्ये’ नव्हताच. त्यांच्या दृष्टीने आदामापासून आपल्याला मर्त्यता आणि तिच्यासोबतची दुर्बलता मिळते. त्याचा अपराध त्याचाच राहतो. तरीही तेथे अर्भकांना बाप्तिस्मा देतात. म्हणजे ऑगस्टिनने मांडलेला ‘एकतर हे, किंवा ते’ हा पेच त्यांनी स्वीकारलाच नाही : बाप्तिस्मा हा क्षमेपुरता नसतो, तो ख्रिस्ताच्या जीवनात प्रवेश असतो, आणि त्यासाठी आधी अपराधी असावे लागत नाही.

रोमन कॅथलिक चर्चने ऑगस्टिनचा निष्कर्ष राखला, पण त्याची धार शतकागणिक बोथट होत गेली. मध्ययुगातील पंडितांनी अशा बालकांसाठी लिम्बो ही सीमेवरची जागा कल्पिली : तेथे यातना नाहीत, पण देवाचे दर्शनही नाही. डान्टेच्या वाचकांना ती परिचित आहे. ट्रेन्ट येथील परिषदेने १५४६ साली ठरवले, की आदामाचे पाप अनुकरणाने नव्हे तर वंशपरंपरेने येते, ते प्रत्येकाच्या ठायी त्याचे म्हणून असते, आणि अर्भकांना बाप्तिस्मा खरोखर पापक्षमेसाठीच दिला जातो. मात्र १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात पाप हा शब्द येथे सादृश्याने वापरला आहे असे म्हटले आहे : हे पाप केलेले नसते, लाभलेले असते, ती कृती नव्हे, अवस्था आहे, आणि आदामाच्या कोणत्याही वंशजाच्या बाबतीत तिला वैयक्तिक अपराधाचे स्वरूप नसते. २००७ साली आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने प्रसिद्ध केलेल्या निबंधात, बाप्तिस्म्याविना मरणाऱ्या बालकांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ कारणे आहेत, असा निष्कर्ष आहे. लिम्बोला तेथे एक शक्य मत एवढेच स्थान उरले. ‘लाभलेले, केलेले नव्हे’ ह्या शब्दांत कॅथलिक विचार ‘दोष’ शब्दाच्या पहिल्या अर्थाकडे बराच सरकला आहे. मागे वळून ‘आम्ही बदललो’ असे मात्र तो म्हणत नाही. परंपरा अशाच बोलतात.

धर्मसुधारकांमध्ये झ्युरिकचा झ्विंग्ली सर्वांत स्पष्ट बोलला. त्याने १५२६ साली लिहिले, की जन्मतः येतो तो रोग किंवा उणीव असते. कृती केल्याशिवाय अपराध म्हणता येत नाही. गुलामाच्या पोटी जन्मणारे मूल गुलाम होते, पण त्यात त्याचा गुन्हा नसतो, ह्या जातीचा त्याचा दृष्टान्त आहे. ल्यूथरपंथीयांनी उलट टोक धरले : १५३० च्या ऑग्सबर्ग जाहीरनाम्यात हा जन्मजात बिघाड खरोखर पाप ठरवला आहे आणि बाप्तिस्म्याने पुनर्जन्म न पावणाऱ्यांना तो चिरंतन मरणाकडे नेतो. पुढे बाप्टिस्ट मंडळ्यांनी अर्भकांना बाप्तिस्मा देणेच सोडले, कारण त्यांच्या मते तो श्रद्धा बोलून दाखवणाऱ्याचा विधी आहे. त्यामुळे अर्भकाच्या अपराधाबाबत त्यांच्यात मतभेद असले तरी त्याचा निकाल पाण्यापाशी लावावा लागत नाही.

नारायण शेषाद्री ज्या घरात दाखल झाले ते घर ह्या सर्वांहून वेगळे होते. फ्री चर्च १८४३ सालीच स्कॉटलंडच्या मूळ चर्चमधून फुटून निघाले, म्हणजे नारायणरावांचा बाप्तिस्मा आणि त्या चर्चचा जन्म एकाच वर्षातला. त्याचा प्रमाणग्रंथ वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार, सतराव्या शतकाच्या मध्याचा. त्यात अपराध आणि बिघाड ही दोन्ही वारशाने येतात, पण वेगवेगळ्या वाटांनी : बिघाड जन्मातून उतरतो आणि अपराध गणला जातो, म्हणजे हिशेबात मांडला जातो. ह्या मांडणीचा विकास करणाऱ्यांच्या मते आदाम हा केवळ पूर्वज नव्हे, तो करारातील प्रतिनिधी आहे. गावाच्या वतीने पाटलाने सही केली की जबाबदारी गावावर येते, तसे. अर्भकांबाबत हा ग्रंथ जपून बोलतो. बाल्यात मरणारी ‘निवडलेली’ मुले ख्रिस्ताच्या द्वारे, आत्म्याच्या कृतीने तारली जातात, असे तो म्हणतो. न निवडलेली मुले असतात का, हे तो सांगत नाही. बाप्तिस्म्याविना तारण अशक्य असेही तो मानत नाही. विश्वासी आईबापांच्या मुलांना बाप्तिस्मा दिला जातो तो ती करारात जन्मली म्हणून. म्हणजे विधी आणि अपराध यांची ऑगस्टिनने बांधलेली गाठ येथे सैल झाली आहे : ह्या चर्चमध्ये अपराधाचा सिद्धान्त अधिक कडक आहे, पण दगावलेल्या मुलाच्या आईला ‘वेळेत पाणी का घातले नाही’ असे विचारायला कोणी येत नाही.

तरीही ‘निवडलेली मुले’ ह्या शब्दांची सावली कोणाला टळली नाही. १८९२ साली फ्री चर्चने एक खुलासेवजा कायदा केला आणि त्यात म्हटले, की बाल्यात मरणारे कोणीही नाश पावते असे मानणे पाळकांवर बंधनकारक नाही. युनायटेड प्रेसबिटेरियन चर्चने १८७९ सालीच तसे केले होते. नारायण शेषाद्री १८९१ साली वारले. बेथेलच्या बहुतेक वर्षांत त्यांच्यामागे खुलाशाविना असलेला मूळ ग्रंथ उभा होता.

आणि बेथेलमध्ये ह्या सिद्धान्ताला जो श्रोता मिळाला तो युरोपातील कोणत्याही श्रोत्याहून निराळा होता. ज्या माणसाला त्याच्या गावाने जन्मावरूनच अपवित्र ठरवले आहे, त्याला सांगायचे, की तू जन्मतःच दोषी आहेस. ह्याहून क्रूर योगायोग कोणता? हा आक्षेप मी अनेक वर्षे बाळगून होतो आणि अजूनही तो मी पूर्ण सोडलेला नाही. परंतु बेथेलच्या प्रार्थनामंदिरात हे वाक्य सांगणारा ब्राह्मण होता, ही गोष्ट नजरेआड करून चालत नाही. त्या वाक्याचा कर्ता ‘तू’ नव्हता, ‘आपण’ होता. जन्मावरून दोष मोजणारी जातिव्यवस्था आणि जन्मावरून दोष मोजणारा हा सिद्धान्त यांत फरक आहे तो व्याप्तीचा, आणि येथे व्याप्ती हेच सार आहे : जातीचा दोष काहींना लागतो म्हणून इतरांची शुद्धता टिकते, आदामाचा दोष सर्वांनाच लागतो म्हणून शुद्धतेचा दावा कोणालाच उरत नाही. कर्मसिद्धान्त हीन जन्माचे खापर ज्याच्या-त्याच्या मागल्या जन्मावर फोडतो. मूळपापाच्या हिशेबात मांग आणि शेषाद्री एकाच रकान्यात येतात.

ही समता मी नाकारत नाही. पण ती अपराधाच्या वारशावर उभी राहण्याची गरज आहे का? सर्वांचा स्वभाव बिघडलेला आहे एवढे म्हटले तरी शुद्धतेचा दावा तितकाच कोसळतो. अपराध वारशाने येतो असे म्हणण्याने समतेत भर पडत नाही. पडते ती एका वेगळ्या सवयीत, माणसाला त्याच्या कृत्याआधी दोषी धरण्याच्या सवयीत. आणि ती सवय चर्चच्या बाहेर कोणती रूपे घेते हे आपण पाहिलेले आहे. गुन्हेगार जमातींच्या कायद्याने आपल्याकडील पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींचे मूल पाळण्यातच संशयित ठरवले. तो कायदा मूळपापाच्या सिद्धान्तातून निघाला असे मी म्हणत नाही. त्याचे मूळ पोलिसी सोयीत आणि जात म्हणजे धंदा ह्या समजुतीत होते. पण १९५२ साली तो रद्द होईपर्यंत, वारशाने आलेला अपराध व्यवहारात कसा दिसतो हे त्याने दाखवून दिले. तो सर्वांना लागू नव्हता, हाच त्याचा आणि सिद्धान्ताचा फरक, आणि मघाशी म्हटले तसा तो फरक लहान नाही.

येथे आपल्या धर्मशास्त्राने घालून दिलेली एक रेघ मला फार उपयोगी वाटते. बापाचे कर्ज मुलाने फेडावे, असे धर्मशास्त्र सांगते. मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या पोराला हा नियम ग्रंथ न वाचताही माहीत असतो. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यातून हे धार्मिक बंधन काढून टाकले, तोपर्यंत न्यायालयेही ते मानत आली. पण याज्ञवल्क्यस्मृती लगेच अपवाद सांगते : मद्य, काम आणि द्यूत यांपायी केलेले कर्ज मुलावर येत नाही, आणि बापाला झालेल्या दंडाची उरलेली रक्कमही येत नाही. म्हणजे ओझे उतरते, दंड उतरत नाही. बापाच्या कृत्याचे परिणाम मुलगा भोगतो, त्याचे घर लहान होते, त्याचे शेत गहाण पडते. तरी गुन्हेगार म्हणून त्याचे नाव कोणी लिहीत नाही. झ्विंग्ली, पूर्वेकडील परंपरा आणि आजचा बराचसा कॅथलिक विचार याच रेघेच्या आसपास येऊन थांबलेले आहेत, प्रत्येक जण आपल्या वाटेने. वेस्टमिन्स्टरचा ग्रंथ रेघ ओलांडतो, आणि त्यामागचे त्याचे कारण कच्चे नाही : आदामाचा अपराध माझ्या खाती मांडता येत नसेल, तर ख्रिस्ताचे नीतिमत्त्व तरी माझ्या खाती कसे मांडता येईल? दोन्ही परकेच. मला अद्याप ह्याचे समाधानकारक उत्तर सापडलेले नाही, एवढेच सुचते, की दान आणि दंड यांचे नियम एक असण्याची सक्ती नाही. मिळालेल्या दानाला पात्रता लागत नाही, दंडाला लागते. पौलानेही त्या अध्यायात आदाम आणि ख्रिस्त यांची तुलना करताना कृपादान हे अपराधासारखे नाही, असा भेद केलेला आहे.

जालन्याच्या मंडळ्यांचा पुढचा इतिहास ह्या वादाला वेगळ्या ठिकाणी नेतो. प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ साली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा त्यांच्यासोबत अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट आणि डिसायपल्स ह्या परंपरा एका छताखाली आल्या. ह्यांतील अँग्लिकनांच्या १६६२ च्या प्रार्थनाग्रंथात बाप्तिस्म्याचा विधी, सर्व माणसे पापात गर्भधारण पावून जन्मतात ह्या स्मरणाने सुरू होतो, आणि बाप्तिस्म्याविना मेलेल्यांसाठी दफनविधी वाचू नये असा दंडकही आहे. ह्याच चर्चमध्ये, वाँटेज येथे, २९ सप्टेंबर १८८३ रोजी पंडिता रमाबाई आणि त्यांची अडीच वर्षांची मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला होता : आई स्वतःच्या तर्काने तेथवर आलेली, आणि मुलगी आईच्या कडेवरून. दुसऱ्या बाजूला, बाप्टिस्टांच्या लेखी मनोरमेचा तो बाप्तिस्माच नव्हता.

नागपूरला जे ठरले ते असे : अर्भकांचा बाप्तिस्मा आणि श्रद्धावंत प्रौढांचा बाप्तिस्मा ह्या दोन्ही प्रथा ह्या चर्चमध्ये पर्याय म्हणून चालतील. ज्या आईबापांना थांबायचे आहे त्यांनी मूल देवापुढे आणून समर्पित करावे आणि मुलाने मोठेपणी स्वतः उत्तर द्यावे. ज्यांना थांबायचे नाही त्यांनी मूल पाण्यापाशी आणावे. अर्भकापाशी अपराध असतो की नसतो, ह्याचा निर्णय ह्या व्यवस्थेसाठी आवश्यक ठरवला गेला नाही. पण ह्या मौनाचा एक परिणाम होतो. जे चर्च दोन शेजारच्या घरांपैकी एकाला आपले मूल बारा-पंधरा वर्षे बाप्तिस्म्याविना वाढवू देते आणि त्यात कसली भीती मानत नाही, त्याने ऑगस्टिनचा ‘एकतर हे, किंवा ते’ हा पेच न बोलता मोडीत काढलेला असतो. कार्थेजच्या बिशपांनी विधीवरून सिद्धान्त काढला होता. नागपूरला विधी बदलला, आणि सिद्धान्त कागदावर जसाच्या तसा राहू दिला.